तुरीच्या भावावरून मागणी-पुरवठ्याचे आलेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी तूर असते. कापसात किंवा सोयाबीनमध्ये दोन-चार तास तुरीचे, असा इकडचा पेरा. त्यामुळे मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा मी तुरीवरच काढून घेतो. मुलं आणि कधीकधी त्यांचे वडीलही जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते उत्तरांसह इथे लिहून ठेवले आहेत. उदाहरणातला तक्ता हिशोब सोपा जावा म्हणून मी मनानं मांडलेला आहे. खऱ्या वर्षांचे आकडे जिथे आले आहेत तिथे वर्ष लिहिलं आहे.

पुस्तकात आलेख छापलेला आहे, तर तो पुन्हा का काढायचा?

छापलेल्या आलेखात जुनी रेष, नवी रेष, दोन्ही छेदबिंदू आणि बाण एकदम दिसतात. आधी काय हललं आणि त्यामुळे नंतर काय हललं, हे त्यात दिसत नाही. मागणी-पुरवठ्याचा सगळा अर्थ तर या क्रमातच आहे. पुस्तक मिटून कोऱ्या पानावर काढायला बसलं की हात एका जागी थांबतो: आता कुठली रेष सरकवू? तो थांबा फार मोलाचा असतो, कारण आपल्याला काय कळलेलं नाही ते नेमकं तिथे समजतं.

मी मुलांना एक सक्ती करतो. पेन्सिल कागदाला लावायच्या आधी कारणाचं एक वाक्य लिहायचं, आणि त्या वाक्याची सुरुवात "त्याच भावात" या शब्दांनी करायची. "त्याच भावात कास्तकार आधी ७०० क्विंटल आणत होते, आता ५०० आणतात." असं वाक्य जमलं तर रेष सरकते. जमलं नाही तर बहुधा सरकत नाही. हे का, ते पुढे येईलच.

सुरुवात कशी करायची?

चौकटीच्या वहीत उभ्या अक्षावर भाव घ्या, रुपये प्रति क्विंटल. आडव्या अक्षावर नग घ्या, क्विंटलमध्ये. वर काय काढतो आहोत तेही लिहा: "एका बाजार समितीतली तूर, एक दिवस". ही ओळ मुलं हमखास गाळतात आणि पुढचे निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. मग हा तक्ता उतरवा.

| भाव (रु.) | मागणी (क्विंटल) | पुरवठा (क्विंटल) |
|---|---|---|
| ४००० | ९०० | ५०० |
| ५००० | ८०० | ६०० |
| ६००० | ७०० | ७०० |
| ७००० | ६०० | ८०० |
| ८००० | ५०० | ९०० |

मागणीचे बिंदू जोडले की डावीकडून उजवीकडे उतरणारी रेष मिळते, तिला "मम" म्हणा. पुरवठ्याची रेष चढत जाते, ती "पप". दोन्ही ६००० ला भेटतात, तिथे ७०० क्विंटलचा सौदा होतो. इथे तूर विकत घेणारे म्हणजे मुख्यतः दाल मिलवाले आणि त्यांच्यासाठी खरेदी करणारे व्यापारी, हे लक्षात ठेवा. आपण दाळ खातो, पण आडतीवर तूर आपण घेत नाही.

गणितात कारण आडव्या अक्षावर घेतात. इथे भाव उभ्या अक्षावर का?

गणितात हुशार असलेली मुलं हा प्रश्न विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. "भावावर मागणी अवलंबून" असं म्हणायचं तर भाव आडव्या अक्षावर हवा होता. पण आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही मांडणी रूढ केली, आणि तो उलट्या बाजूनं विचार करत होता: इतका माल बाजारात असेल तर गिऱ्हाईक किती भाव द्यायला तयार होईल? ती पद्धत तशीच राहिली. त्यामुळे आलेख वाचताना एक सवय लावून घ्यावी लागते. आधी उभ्या अक्षावर भावाशी जा, तिथून पट्टी आडवी धरा, रेष लागेल तिथून खाली उतरून नग वाचा.

"सर, भाव वाढला की कास्तकार जास्त माल आणते, मंग पुरवठ्याची रेष काऊन नाही सरकवाची?"

दर वर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, आणि मला तो आवडतो, कारण सगळी गाठ इथेच आहे.

पुरवठ्याची रेष म्हणजे आज आलेला माल नाही. ती एक यादी आहे: अमुक भाव असेल तर कास्तकार इतकं विकतील, तमुक असेल तर तितकं. वरच्या तक्त्यातला तिसरा रकाना म्हणजेच ही रेष. भाव ६००० वरून ७००० झाला आणि आवक ७०० वरून ८०० झाली, तर यादीतल्या तिसऱ्या ओळीवरून आपण चौथ्या ओळीवर गेलो. यादी बदलली नाही. बोट रेषेवरून वर सरकलं, रेष जागेवरच राहिली. पाठ्यपुस्तक याला पुरवठ्यातील विस्तार म्हणतं.

रेष सरकते ती यादीच बदलली तर. शेंगा पोखरणाऱ्या अळीनं बराच बार खाल्ला, तर ६००० ला ७०० नाही, ५०० येतील. ७००० ला ८०० नाही, ६०० येतील. प्रत्येक ओळीसमोरचा आकडा खोडून नवा लिहावा लागतो. हा पुरवठ्यातील ऱ्हास.

म्हणून ते "त्याच भावात" वालं वाक्य. "भाव वाढला म्हणून त्याच भावात जास्त माल आला" हे वाक्य म्हणून पाहा. त्याला अर्थच लागत नाही. भाव हे स्वतःच्या आलेखात रेष सरकवायचं कारण होऊ शकत नाही, कारण तो आधीच उभ्या अक्षावर बसलेला आहे. पाऊस, अळी, बियाण्याचा खर्च, दुसऱ्या पिकाचा भाव, आयातीचे नियम ही सगळी आलेखाबाहेरची मंडळी. रेषा तीच हलवतात.

पाऊस दगा देतो तेव्हा पूर्ण आलेख कसा काढायचा?

हे एकदा सावकाश करू. समजा तूर फुलावर असताना ओल संपली, वर धुक्यानं फूलगळ झाली.

पहिलं वाक्य: "त्याच भावात पुरवठा प्रत्येक ओळीला २०० क्विंटलनं घटला." पुरवठ्याचा नवा रकाना ३००, ४००, ५००, ६००, ७०० असा होईल. नवी रेष जुनीच्या डावीकडे, २०० क्विंटलच्या अंतरानं येते. तिला "प१प१" नाव द्या आणि जुनीपासून नवीकडे आडवा बाण काढा. मागणीच्या रेषेला हात लावायचा नाही. मिलवाल्यांची यादी पावसानं बदललेली नाही.

दुसरं वाक्य जुन्या भावाचं: "६००० ला आता मागणी ७०० आणि पुरवठा ५००, म्हणजे २०० क्विंटलची टंचाई." ६००० वर पट्टी ठेवून ही टंचाई जाड रेषेनं रंगवा. पुस्तकातल्या तयार आलेखात ही पायरी बहुधा दिसत नाही, पण भाव का चढतो याचं उत्तर फक्त इथेच आहे.

तिसरं वाक्य माणसांचं: "माल कमी पडतो म्हणून हर्रासीत खरेदीदार एकमेकांवर बोली चढवतात."

चौथं वाक्य दोन्ही बाजूंचं: "भाव चढताना काही मिलवाले हात आखडता घेतात, आणि घरात पोती ठेवलेले काही कास्तकार ती बाहेर काढतात, ७००० ला दोघं ६०० वर भेटतात."

आता आकडे नीट बघा. यादीतून २०० क्विंटल गेले, पण सौदा ७०० वरून ६०० वर आला, म्हणजे फक्त १०० नं घटला. उरलेले १०० कुठून आले? चढत्या भावानं ते बाहेर ओढले. मागणी मात्र रेष न हलताच ७०० वरून ६०० वर आली. हा मागणीतील संकोच, ऱ्हास नव्हे. एकाच चित्रात पुरवठ्याची रेष सरकते आणि मागणीच्या रेषेवरून बिंदू सरकतो. "पाऊस कमी झाला, भाव वाढला, म्हणून मागणीची रेषही डावीकडे गेली" असं लिहिणाऱ्यांचे गुण इथेच जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे समजही तिथेच अडते.

पुरवठा वाढला तर रेष वर न्यायची ना?

नाही. "वाढ म्हणजे वर" असं डोक्यात इतकं पक्कं असतं की हात आपोआप वर जातो. मागणीच्या रेषेत ही चूक झाकली जाते, कारण उतरती रेष वर नेली तरी ती उजवीकडेच गेलेली दिसते. पुरवठ्याची चढती रेष वर नेली की ती डावीकडे जाते. म्हणजे पीक चांगलं आल्याचं लिहून चित्र मात्र दुष्काळाचं निघतं.

ओळखायची खूण सोपी आहे. उत्तरात "आवक वाढली" असं लिहिलं आहे आणि आलेखात भाव चढला आहे, असं झालं की समजायचं रेष वर नेली. उपाय म्हणजे बाण कधीच उभा काढायचा नाही. कुठल्याही एका भावावर पट्टी आडवी धरा आणि त्या पट्टीवर नवा बिंदू टाका. जास्त असेल तर उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे. मग "वर" हा शब्द लागतच नाही.

पण २०१५ ला भाव चढला म्हणूनच लोकांनी पुढच्या वर्षी तूर जास्त पेरली. मग भावानं रेष सरकवली नाही का?

एका विद्यार्थिनीनं हे विचारलं तेव्हा वर्ग गप्प झाला होता. तिच्या घरी तसंच घडलं होतं, आणि मी तर आताच सांगितलं होतं की भाव रेष सरकवत नाही.

घडलं ते असं. २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे कमी पडले. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरदाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. त्या हंगामात, म्हणजे २०१५-१६ ला, देशात तुरीचं उत्पादन साधारण २५ लाख टन होतं. २०१६-१७ ला ते ४८ लाख टनांच्या आसपास गेलं, जवळजवळ दुप्पट. पेरा वाढला होता आणि २०१६ चा पाऊसही बरा झाला. हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये होता, पण २०१७ च्या सुरुवातीला बाजारातला भाव त्याच्याही खाली गेला.

आता आलेखाच्या डोक्यावरची ती ओळ आठवा: "एक दिवस". तूर जून-जुलैत पेरली जाते आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत घरात येते. आडतीवरच्या आजच्या भावानं आज फक्त घरातली पोती बाहेर येतात, वावरातलं पीक वाढत नाही. गेल्या वर्षीचा भाव हा आजच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर नाही. तो बाहेरचा आहे, पावसासारखाच. त्यानं पेरणीच्या वेळी कास्तकाराचं मन बदललं, म्हणून २०१७ च्या आडतीच्या आलेखात पुरवठ्याची रेष उजवीकडे गेलेली दिसते.

म्हणजे ती मुलगी चूक नव्हती. आजचा भाव आजची रेष सरकवत नाही, कालचा भाव आजची रेष सरकवू शकतो. एकाच आलेखात दोन वर्षं कोंबली की गोंधळ होतो. दोन आलेख शेजारी काढा, एकावर २०१५ लिहा, दुसऱ्यावर २०१७. पहिल्यातल्या छेदबिंदूपासून दुसऱ्यातल्या पुरवठ्याच्या रेषेकडे एक तुटक बाण ओढा आणि त्यावर लिहा: "पेरणीतून, वर्षाच्या अंतरानं". अशी चार-पाच वर्षं एकाच आलेखात गुंफली तर भाव वर-खाली फिरत कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते, आणि अर्थशास्त्रात तिला जाळ्याचंच नाव आहे.

आणखी एक. "पेरा वाढला" आणि "पाऊस बरा झाला" ही दोन कारणं एकाच रेषेला एकाच दिशेनं ढकलतात. आलेख एकूण सरक दाखवतो, त्यात कोणाचा वाटा किती ते दाखवत नाही. म्हणून कारणं शब्दांत वेगवेगळी लिहावीच लागतात.

हमीभाव आलेखात कसा दाखवायचा?

तो रेष सरकवत नाही. हमीभाव म्हणजे एका उंचीवर ओढलेली आडवी रेघ. पीक चांगलं आलं असं धरा: आपल्या तक्त्यात प्रत्येक ओळीला पुरवठा २०० नं वाढवा. आता ५००० ला मागणी ८०० आणि पुरवठाही ८००, भाव तिथे येऊन टेकतो. समजा हमीभाव ६००० आहे. त्या रेघेवर मागणी ७०० आणि पुरवठा ९००, म्हणजे २०० क्विंटल माल असा की जो या भावात कोणी व्यापारी घेणार नाही.

हे २०० कोणीतरी उचलले तरच ६००० टिकतो. सरकारी खरेदी केंद्रानं ते घेतले तर रेघ खरी. केंद्र उशिरा उघडलं, किंवा नंबर लागेपर्यंत घरात पैसा लागला, तर कास्तकार आडतीवर जातो आणि त्याला ५००० च्या आसपासचा भाव मिळतो. २०१७ ला खरेदी केंद्रांपुढे तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या त्या याच २०० क्विंटलच्या पट्ट्यात उभ्या होत्या, असं मी मुलांना आलेखावर बोट ठेवून दाखवतो. एका मुलाचे वडील शाळेत आले तेव्हा म्हणाले, "हमीभाव जाहीर झाला होता, मंग मले कमी काऊन भेटला?" त्यांना मी हीच आकृती काढून दाखवली. जाहीर करणं म्हणजे रेघ ओढणं. भाव धरून ठेवायला माल उचलावा लागतो.

उलट बाजूही पाहून ठेवा. हमीभावाची रेघ समतोलाच्या खाली असेल, समजा ४००० ला, तर तिचा त्या दिवशीच्या भावावर काही परिणाम नाही. व्यापारीच जास्त देतो आहे.

आयात कुठल्या रेषेवर दाखवायची?

आलेखाच्या डोक्यावर काय लिहिलं आहे त्यावर ते ठरतं. "देशाच्या बाजारातली सगळी तूर" असं लिहिलं असेल, तर म्यानमार, मोझांबिक, टांझानियातून येणारी तूर पुरवठ्यात मिळते आणि रेष उजवीकडे जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली तेव्हा ती रेष डावीकडे ढकलली गेली, आणि मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी केली तेव्हा उजवीकडे.

पण डोक्यावर "आपल्या कास्तकारांची तूर" असं लिहिलं असेल, तर आयातीनं आपल्या वावरातलं काहीच बदललं नाही. बदलली ती मिलवाल्याची यादी: त्याच भावात तो आता आपली तूर कमी घेतो. म्हणून मागणीची रेष डावीकडे. दोन्ही चित्रांत भाव उतरतो आणि दोन्ही बरोबर आहेत. अर्धं एका चित्रातलं आणि अर्धं दुसऱ्यातलं घेतलं, दोन्ही रेषा सरकवल्या, तर एकच आयात दोनदा मोजली जाते.

दोन्ही रेषा एकदम सरकल्या तर?

दोन आलेख काढा, एकेक कारणाचा, मग तिसऱ्यात दोन्ही. दुष्काळानं पुरवठा २०० नं घटला, आणि तूरदाळ महाग म्हणून लोक मुगाच्या-हरभऱ्याच्या दाळीकडे आधीच वळलेले असल्यानं मिलवाल्यांची मागणीही प्रत्येक ओळीला २०० नं घटली, असं समजा. नवा समतोल: ६००० ला ५०० आणि ५००. भाव जिथल्या तिथे, सौदा मात्र २०० नं कमी. बाजारभावाच्या पाटीवर काहीच घडलेलं दिसणार नाही, तरी आडतीवर पोती कमी दिसतील.

मागणी २०० ऐवजी १०० नं घटली असती तर भाव थोडा चढला असता, ३०० नं घटली असती तर उतरला असता. म्हणून आकडे दिलेले नसतील तेव्हा "सौदा नक्की घटेल, भावाचं सांगता येत नाही" हेच पूर्ण उत्तर. मुलांना ते अर्धवट वाटतं, पण त्यापुढे काही लिहिलं तर तो अंदाज होतो.

रेष किती तिरपी काढायची?

आकडे असतील तर आकडे सांगतील तितकी. नसतील तर मध्यम. फक्त एवढं: माल घरात ठेवून वाट बघणं ज्याला परवडतं त्याची पुरवठ्याची रेष जास्त आडवी, आणि कर्ज फेडायला मळणीनंतर लगेच विकावं लागतं त्याची जवळजवळ उभी. उभ्या रेषेवर मागणी जराशी घटली तरी भाव धाडकन खाली येतो.

आपण लिहिलेलं कारण बरोबर आहे का, हे कसं तपासायचं?

आलेख झाकून ठेवा आणि फक्त चार वाक्यं शेजारच्याला द्या. त्यानं त्यावरून आलेख काढायचा. दोघांचे आलेख जुळले नाहीत तर बहुधा वाक्यात भाव आणि कारण यांची सरमिसळ झालेली असते. माझ्या वर्गात हे सोयाबीनवरही करून बघतो: परदेशातून स्वस्त खाद्यतेल आलं, तर आपल्या सोयाबीनच्या आलेखात काय हलेल? गेल्या वर्षी अर्ध्या वर्गानं पुरवठ्याची रेष उजवीकडे सरकवली. मग एकीनं डोक्यावरची ओळ वाचली, "आपल्या बाजार समितीतलं सोयाबीन". तेल काही सोयाबीन नाही, तेल गिरणीत निघतं. म्हणजे गिरणीवाला त्याच भावात सोयाबीन कमी घेईल. तिनं पुरवठ्याची नवी रेष खोडली आणि मागणीची डावीकडे काढली.